फिफो आणि वेटेड ॲव्हरेजमध्ये नफा वेगळा का? डायरेक्टर मॅडमना पाठवायचा मेल

ताळमेळ

मंडळी नमस्कार,

आमच्या कंपनीत हिशोबाची पुस्तकं पहिल्यापासून फिफोने चालतात. या वर्षी साठ्यासाठी नवं सॉफ्टवेअर आलं. ते प्रत्येक खरेदीनंतर सरासरी दर नव्याने काढतं. दोन्हीकडचे अहवाल एकाच फाइलमधून डायरेक्टर मॅडमकडे गेले. एका वस्तूचा महिन्याचा ढोबळ नफा एकात २४,४०० आणि दुसऱ्यात २२,८००. त्यांचा लगेच मेल आला : "विक्री तीच, खरेदी तीच, गोदामातले नगही तेवढेच. मग १,६०० गेले कुठे? यातला खरा नफा कोणता?"

मॅडम विक्री विभागातून वर आल्या आहेत. आकडेमोड त्यांना चटकन कळते, पण लेखाशास्त्राची परिभाषा सुरू झाली की मेल वाचायचं थांबवतात. म्हणून उत्तर छोटं हवं आणि पूर्णही हवं.

इथे त्याच वस्तूचा हिशोब देतो. आकडे प्रमाणात लहान केले आहेत, चलन कुठलंही धरा. महिन्याच्या सुरुवातीला २०० नग होते, दर १००. मग ३०० नग ११० ने घेतले आणि ३०० विकले. त्यानंतर ३०० नग १२६ ने घेतले आणि पुन्हा ३०० विकले. महिनाअखेर २०० नग उरले. सगळी विक्री १५० दराने, म्हणजे ९०,०००.

माझा मसुदा असा आहे :

"मॅडम, नमस्कार. दोन्ही नफे आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत. फिफोमध्ये आधी घेतलेला माल आधी विकला गेला असं धरतात. वेटेड ॲव्हरेजमध्ये हातातल्या सगळ्या मालाचा सरासरी दर लावतात. खरेदीचे दर वाढत असल्यामुळे फिफोमध्ये नफा जास्त दिसतो. रोख रकमेत काही फरक नाही."

एवढं पुरेल का?

अर्धविराम

पुरेल. मी तर आणखी छोटं करीन : "फिफोमध्ये नफा नेहमी जास्तच येतो, कारण जुना स्वस्त माल आधी खर्ची पडतो." एक वाक्य, विषय संपला. डायरेक्टर लोकांना लांब मेल वाचायला वेळ नसतो.

गोदामवाला

माझं म्हणणं वेगळं आहे. गोदामात माल कसा हलतो ते आधी बघा. आमच्याकडे आधी आलेली खोकी आधी बाहेर काढतात, नाहीतर तळातला माल पडून खराब होतो. म्हणजे आमचं सगळं फिफोच आहे. तुमच्याकडेही जुनी खोकी आधी निघत असतील तर फिफोचा नफा खरा आणि सॉफ्टवेअरचा चुकीचा. मॅडमना सरळ तसं कळवा.

तेरीज

गोदामवाले, खोकी कुठल्या क्रमाने निघाली यावर हा हिशोब अवलंबून नाही. एकसारख्या २०० नगांवर कोणता दर लावायचा, एवढंच या पद्धती ठरवतात. तुमच्याकडे माल काटेकोरपणे जुना आधी निघत असला तरी पुस्तकात सरासरी दर लावता येतो, त्यात गैर काही नाही. माल खराब होऊ नये म्हणून पाळायचा क्रम ही गोदामाची शिस्त आहे, ती अवश्य पाळावी. पण "आमची खोकी अशी हलतात, म्हणून नफा हाच खरा" हे उत्तर मॅडमना देऊ नये. उद्या त्यांनी गोदामात जाऊन पाहिलं आणि वरची नवी खोकी आधी उचललेली दिसली, तर तुमचं सगळं स्पष्टीकरण कोसळेल.

अर्धविराम, "नेहमी" हा शब्द काढायला हवा. दर उतरत असतील तर उलट होतं, हे तुम्हालाही माहीत असेल. पण त्याहून मोठी अडचण अशी की दर वाढायचे थांबले तरी चित्र उलटतं. ते मी खाली मांडणार आहे, कारण ताळमेळ यांचा मेल पुढच्याच महिन्यात तिथे अडकेल.

ताळमेळ, तुमचा मसुदा चुकीचा नाही. पण मॅडमनी विचारलंय की १,६०० गेले कुठे, आणि तुमच्या मेलमध्ये ती जागा कुठेच दाखवलेली नाही. ती दाखवा. ते १,६०० गोदामात आहेत.

एकूण हिशोबात आलेला माल दोन्हीकडे एकच आहे : २०,००० अधिक ३३,००० अधिक ३७,८००, मिळून ९०,८००. ही रक्कम दोनच ठिकाणी जाऊ शकते. विकलेल्या मालावर, नाहीतर उरलेल्या मालावर. फिफोमध्ये उरलेले २०० नग शेवटच्या खरेदीतले, म्हणजे १२६ चे, रक्कम २५,२००. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या खरेदीनंतर सरासरी १०६ झाली, त्या दराने ३०० गेले आणि २०० उरले. त्यात १२६ चे ३०० आल्यावर सरासरी ११८ झाली. पुन्हा ३०० गेले, २०० उरले, रक्कम २३,६००. दोन साठ्यांतला फरक १,६००. जेवढा साठा महाग धरला तेवढा विकलेला माल स्वस्त झाला, आणि नफा तितकाच वाढला.

मॅडमना हे वाक्य द्या : विक्रीतून आलेला पैसा आणि पुरवठादाराला दिलेला पैसा तोच आहे, फक्त महिन्याची रेघ ओढताना किती रक्कम रेघेच्या अलीकडे आणि किती पलीकडे ठेवली हे वेगळं आहे.

कोरी_वही

मी परीक्षेची तयारी करते आहे म्हणून विचारते. मी ९०,८०० ला ८०० नगांनी भागलं. दर आला ११३.५. उरलेल्या २०० नगांचे २२,७००, म्हणजे नफा २१,९००. वेटेड ॲव्हरेज तर हेच ना? मग सॉफ्टवेअरने ११८ कुठून आणला? नफा आता तीन झाले की.

तेरीज

कोरी_वही, तुमचं गणित बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरचंही. तुम्ही पूर्ण महिन्याची एकच सरासरी काढली. त्यामुळे १२६ चा महाग माल यायच्या आधी झालेल्या पहिल्या विक्रीवरही त्याचा थोडा भार पडला. सॉफ्टवेअर प्रत्येक खरेदीनंतर थांबून सरासरी काढतं, म्हणून पहिली विक्री १०६ नेच गेली.

फिरती सरासरी म्हणजे टाकीतल्या पाण्यात नवीन पाणी ओतून ढवळणं. नळ आधी सोडला असेल तर गेलेल्या पाण्यात नंतरचं पाणी मिसळू शकत नाही. तुमच्या पद्धतीत महिनाभराचं पाणी आधी एकत्र करून मग नळ सोडलाय. दोन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त कोणती वापरली ते सांगावं लागतं.

म्हणून ताळमेळ, मेलमध्ये नुसतं "वेटेड ॲव्हरेज" लिहू नका. "प्रत्येक खरेदीनंतर काढलेली सरासरी" असं लिहा. नाहीतर मॅडमच्या ऑफिसात कोणी कॅल्क्युलेटर घेऊन बसलं की ११३.५ काढेल आणि विचारेल की हा तिसरा आकडा कुणाचा. फिफोमध्ये हा प्रश्न येत नाही. विक्रीगणिक लावा किंवा महिनाअखेरीस एकदम लावा, शेवटचे २०० नग १२६ चेच राहतात.

पावती

मला वाटतं इथे सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. नफा कमी दाखवून कर वाचवायचा असेल तर लिफो वापरा. शेवटचा महाग माल आधी खर्ची टाका, नफा सगळ्यात कमी येईल. मॅडमना तोच पर्याय सुचवा.

तेरीज

पावती, मॅडमनी कर कसा वाचवायचा हे विचारलेलं नाही. एकाच महिन्याचे दोन आकडे का, एवढंच विचारलंय. आणि लिफो आंतरराष्ट्रीय मानकात चालत नाही. आयएएस २ या साठ्याच्या मानकाच्या २००३ च्या सुधारणेत तो काढला आणि २००५ पासून ते लागू झालं. अमेरिकेच्या मानकांत तो अजून चालतो, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत आणि लेखांत तो भेटत राहतो. आयएएस २ वर चालणाऱ्या कंपनीत एकसारख्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या मालासाठी फिफो किंवा वेटेड ॲव्हरेज हे दोनच मार्ग उरतात.

आता पुढच्या महिन्याचं. समजा दर १२६ वरच थांबला. ३०० नग घेतले, ३०० विकले, अखेरीस पुन्हा २०० उरले. फिफोमध्ये सगळंच १२६ चं आहे, विकलेल्या मालाची किंमत ३७,८००. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचे २०० नग ११८ ने बसलेत, त्यात १२६ चे ३०० मिसळले की सरासरी १२२.८ होते आणि विकलेल्या मालाची किंमत ३६,८४०. म्हणजे या महिन्यात सॉफ्टवेअरचा नफा फिफोपेक्षा ९६० ने जास्त!

दर एका पैशाने हललेला नाही. तरीही क्रम उलटला. कारण मागच्या महिन्यात सरासरीने साठा १,६०० ने स्वस्त धरला होता, तो स्वस्तपणा आता विक्रीतून बाहेर पडतोय. महिनाअखेर साठ्यातला फरक फक्त ६४० उरतो. १,६०० मधून ९६० परत आले.

त्यामुळे नियम असा लिहा : एखाद्या महिन्याच्या नफ्यातला फरक म्हणजे अखेरच्या साठ्यातला फरक वजा सुरुवातीच्या साठ्यातला फरक. पहिल्या महिन्यात सुरुवातीचा साठा दोन्हीकडे २०,००० होता म्हणून फक्त अखेरचा फरक दिसला. ताळमेळ यांच्या मसुद्यातलं "दर वाढत असल्यामुळे" एवढंच कारण मॅडमच्या डोक्यात बसलं, तर पुढच्या महिन्यात त्या विचारतील की दर तर स्थिर आहेत, मग आता सरासरीचा नफा जास्त का.

अर्धविराम

हे मी असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. दर स्थिर असले की दोन्ही पद्धती सारखं उत्तर देतात, असंच धरून चालत होतो.

तेरीज

देतात, पण आधीचा फरक निचरून गेल्यावर. साठा किती वेळा फिरतो त्यावर ते अवलंबून आहे. या उदाहरणात दर महिन्याला पाचातले तीन भाग विकले जातात, म्हणून फरकाचे पाचातले दोन भाग उरतात : १,६०० चे ६४०, त्याचे पुढे २५६. साठा पूर्ण संपला की फरक शून्य. संथ चालणाऱ्या मालात मात्र तो कित्येक महिने रेंगाळतो.

गोदामवाला

आता माझं ऐका, कारण हे तुमच्याकडेही होऊ शकतं. आमच्याकडेही फिरती सरासरी आहे. मागे एका वस्तूचा नफा अचानक फुगला. माल गोदामात आला होता, पण पुरवठादाराचं बिल चढवायला उशीर झाला. दरम्यान विक्रीची बिलं निघत राहिली आणि साठा वजा झाला. नंतर खरेदीचं बिल चढलं तर सरासरी दर आमच्या सगळ्यात महाग खरेदीच्याही वर गेला. हिशोबनीस म्हणाला, पद्धतीमुळे असं होतं. मला ते आजही पटलेलं नाही.

तेरीज

तुम्हाला पटलं नाही ते योग्यच. पद्धतीमुळे असं होऊ शकत नाही. हा फार कामाचा मुद्दा तुम्ही आणलात, म्हणून ताळमेळ यांच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

दुसऱ्या विक्रीच्या वेळी १२६ चं बिल चढलेलं नव्हतं असं धरा. पुस्तकात २०० नग, दर १०६. विकले ३००. काही सॉफ्टवेअर अशा वेळी ३०० ही १०६ नेच खर्ची टाकतात. साठा झाला वजा १०० नग आणि वजा १०,६००. मग ३७,८०० चं बिल चढलं. नग २०० झाले, रक्कम २७,२००, दर १३६. आयुष्यात कधी १२६ च्या वर खरेदी झालेली नाही आणि साठा १३६ ने उभा! नफा २६,४००, फिफोपेक्षाही २,००० जास्त.

ओळखायची खूण इथेच आहे. सरासरी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग खरेदीच्या मध्येच असायला हवी. ती बाहेर गेली तर पद्धतीचं कारण पुढे करू नये, नोंदींच्या तारखा तपासाव्यात. सुरुवात साठ्याच्या लेजरमध्ये शिल्लक कुठे वजा झाली ते शोधण्यापासून करा. काही सॉफ्टवेअरमध्ये मागच्या तारखेची नोंद झाल्यावर दर पुन्हा काढायची सोय असते, ती चालवल्यावर ११८ परत येईल.

ताळमेळ, मेल पाठवण्याआधी हे सगळ्या वस्तूंवर तपासा. नाहीतर नोंदीतला घोळ तुम्ही "पद्धतीचा फरक" म्हणून मॅडमकडून मंजूर करून घ्याल.

ताळमेळ

ज्या वस्तूचे आकडे इथे दिले तिचा दर १०० आणि १२६ च्या मध्ये आहे. पण तुमचं वाचून पूर्ण यादी काढली. दोन वस्तूंत सरासरी वरच्या खरेदीच्याही वर आहे. दोन्हीकडे बिलाची तारीख माल आल्याच्या तारखेनंतरची आहे. गोदामवाले, तुमचे मनापासून आभार. त्या दोन वस्तू वेगळ्या काढून आधी दुरुस्त करतो, मगच मेल जाईल.

दर_पत्रक

मी विक्रीच्या किंमती ठरवण्याचं काम करते, म्हणून मॅडमच्या बाजूने बोलते. तुम्ही सगळे १,६०० च्या मागे लागलात. मला दोन्ही आकडे धोक्याचे वाटतात. आज तोच नग घ्यायला १२६ लागतात. ६०० नग १२६ ने धरले तर ७५,६०० होतात, नफा उरतो १४,४००. फिफोच्या २४,४०० मधले १०,००० हे जुन्या दरामुळे आलेले आहेत. मॅडमनी २४,४०० पाहून कुणाला सवलत दिली, तर पुढच्या खरेदीला पैसे कमी पडतील. "खरा नफा कोणता" या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी १४,४०० असं दिलं असतं.

तेरीज

तुमची काळजी बरोबर आहे, पण १०,००० चा आकडा मला मान्य नाही. पहिले ३०० विकले तेव्हा नवीन नग ११० ला मिळत होता, १२६ ला नाही. त्या वेळच्या दराने पहिल्या ३०० चे ३३,००० आणि नंतरच्या ३०० चे ३७,८००, मिळून ७०,८००. नफा १९,२००. म्हणजे दर चढल्यामुळे हाती आलेला भाग ५,२०० आहे. महिन्याच्या सुरुवातीच्या विक्रीला महिन्याच्या शेवटचा दर लावणं मला पटत नाही.

दर_पत्रक

मी मागच्या विक्रीचा न्याय करत नाहीये, पुढची किंमत ठरवते आहे. त्यासाठी आजचाच दर लागतो. पहिले ३०० कधी विकले याने माझ्या उद्याच्या दरपत्रकात काय फरक पडतो?

तेरीज

पुढच्या किमतीसाठी १२६ घ्या, त्यावर वाद नाही. पण त्याला "गेल्या महिन्याचा खरा नफा" म्हणू नका. नाहीतर मॅडमसमोर आधी दोन, मग कोरी_वहीचा तिसरा, आणि आता तुमचा चौथा आकडा येईल.

दर_पत्रक

नावाबद्दल तुमचं ऐकते. पण मेलमध्ये त्या दराचा उल्लेख हवाच, यावर मी ठाम आहे. डायरेक्टर नफ्याचा आकडा निर्णयासाठीच मागतात.

कोरी_वही

एक शंका. विक्रीचा भावच पडला तर? तेव्हाही फिफोचा साठा २५,२०० आणि सरासरीचा २३,६०० असाच राहतो का?

तेरीज

नाही. साठा विकून जेवढं हाती येईल त्यापेक्षा जास्त किमतीला ठेवता येत नाही. समजा नग १२० ला विकला जाईल आणि विकायचा खर्च ४ आहे. हाती येणार ११६. मग दोन्हीकडचा साठा २०० गुणिले ११६, म्हणजे २३,२०० वर आणावा लागेल. फिफोमध्ये २,००० चा फटका बसेल, सरासरीमध्ये ४०० चा, आणि १,६०० चा फरक तिथेच मिटेल. मात्र फक्त खरेदीचा दर उतरला आणि विक्रीचा भाव टिकून राहिला, तर व्यापारी मालात साठा खाली आणायचं कारण नाही. या दोन गोष्टींची बरेचदा गल्लत होते.

ताळमेळ

सगळं एकत्र करून मेल पुन्हा लिहिला. काल संध्याकाळी पाठवलाही. जसा गेला तसा देतो :

"मॅडम, नमस्कार.

आपण विचारलेले १,६०० अखेरच्या साठ्यात आहेत. या वस्तूसाठी महिन्यात एकूण ९०,८०० चा माल हिशोबात होता. तो दोन्ही अहवालांत सारखाच आहे. शिल्लक २०० नगांना पुस्तकांत शेवटच्या खरेदीचा दर १२६ लावला आहे, तर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खरेदीनंतर काढलेली सरासरी, म्हणजे ११८. त्यामुळे साठा अनुक्रमे २५,२०० आणि २३,६०० दिसतो. जिथे साठा १,६०० ने जास्त आहे, तिथे विकलेल्या मालाची किंमत तेवढीच कमी आणि नफा तेवढाच जास्त आहे. विक्री, खरेदी, नग आणि बँकेतील रक्कम यांत काहीही फरक नाही.

हा फरक कायमचा नाही. दर आहे तिथेच राहिले आणि खरेदी-विक्री नेहमीसारखी झाली, तर पुढील महिन्यात सॉफ्टवेअरचा नफा पुस्तकांपेक्षा सुमारे ९६० ने जास्त दिसेल. त्या वेळी तो आपल्याला अनपेक्षित वाटू नये म्हणून आत्ताच कळवत आहे.

या वस्तूचा अधिकृत नफा पुस्तकांतील, म्हणजे २४,४००. आपले धोरण फिफोचे आहे आणि आधीच्या काळाशी तुलना त्याच आकड्याने करता येते. मात्र विक्रीची किंमत किंवा सवलत ठरवताना कृपया दोन्ही नफे बाजूला ठेवून चालू खरेदी दर १२६ धरावा. १५० ला विकल्यास आज एका नगामागे २४ सुटतात.

तपासणीत आणखी दोन वस्तूंचे दर बिले उशिरा चढवल्यामुळे चुकीचे आढळले. तो पद्धतीचा फरक नाही. त्यांची दुरुस्ती सुरू आहे, सुधारित आकडे स्वतंत्र पाठवतो.

यापुढे अहवालात एकच नफा देऊन साठ्याच्या फरकाचा ताळमेळ खाली एका ओळीत देईन."

दर_पत्रक

"एका नगामागे २४" हे वाक्य मॅडमना नक्की वापरता येईल. चांगला मेल झालाय.

अर्धविराम

मला अजून थोडा लांब वाटतो. दुसरा परिच्छेद पुढच्या महिन्यात पाठवला असता तरी चाललं असतं.

तेरीज

अर्धविराम, तो परिच्छेद आधी गेला याचंच मोल आहे. फरक दिसल्यावर दिलेलं कारण सारवासारव वाटतं.

एक गोष्ट मी वेगळी लिहिली असती. "सुमारे ९६०" हा आकडा या एका वस्तूचा आणि ठरावीक खरेदी-विक्रीचा आहे. सगळ्या वस्तूंचा मिळून किती येईल ते अजून काढलेलं नाही, एवढं सांगायला हवं होतं.

ताळमेळ

खरं आहे, पुढच्या मेलमध्ये घालतो. मॅडमचं उत्तर सकाळीच आलं : "समजलं. मग पुस्तकंही सॉफ्टवेअरसारखीच सरासरीने का ठेवत नाही? दोन आकडे राहणारच नाहीत." याला काय उत्तर द्यावं?

गोदामवाला

करून टाका की. एकच सॉफ्टवेअर, एकच नफा. रोजची कटकट जाईल.

तेरीज

करता येईल, पण "सोयीचं पडतं" हे कारण पुरत नाही. हिशोबाच्या धोरणांचं मानक आयएएस ८, त्याप्रमाणे धोरण आपणहून बदलायचं तर नव्या पद्धतीने वाचणाऱ्याला अधिक उपयुक्त आणि तेवढीच विश्वासार्ह माहिती मिळते, हे दाखवावं लागतं. आणि बदल फक्त पुढच्या महिन्यापासून लागू होत नाही. मागच्या वर्षाचे तुलनेसाठी छापलेले आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा मांडावे लागतात, सुरुवातीच्या साठ्यापासून. ते करणं व्यवहारात शक्यच नसेल तर मानकात सवलत आहे, पण "जड जातं" म्हणजे "अशक्य" नव्हे. ऑडिटरांशी आधी बोला. शिवाय सारख्या प्रकारच्या आणि सारख्या वापराच्या मालाला एकच पद्धत लागते, म्हणजे काही वस्तू फिफोत आणि तशाच काही सरासरीत असं ठेवता येणार नाही.

उलटा मार्गही तपासा. बऱ्याच साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूगणिक पद्धत निवडायची सोय असते. तिथे फिफो लावता आलं तर पुस्तकांना हात लावायची गरजच नाही.

दर_पत्रक

मला सरासरी अधिक उपयुक्त वाटते. एखादी महाग खरेदी महिन्याच्या शेवटच्या दिवशी झाली की फिफोचा साठा लगेच चढतो, सरासरीचा हळू. महिन्यांची तुलना सोपी होते.

तेरीज

आणि ताळेबंद वाचणाऱ्याला फिफो अधिक उपयुक्त वाटेल, कारण साठा आजच्या दराजवळ राहतो. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. तुमच्या व्यवसायात वाचणाऱ्यांना काय लागतं यावर ते ठरेल, इथून मी सांगू शकत नाही.

ताळमेळ

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला विचारलं. वस्तूची पद्धत बदलता येते, पण त्या वस्तूची एकही नोंद झालेली नसेल तरच. म्हणजे फिफो लावायचं तर सगळ्या वस्तू नव्याने उघडून शिल्लक खरेदीच्या खेपेप्रमाणे चढवावी लागेल. मॅडमना दोन्ही मार्गांचं काम किती आहे ते कळवायचंय. जुन्या पुस्तकांतून मागच्या वर्षाच्या खरेदी-विक्रीच्या तारीखवार नोंदी पूर्ण निघतात का, ते आज काढायला घेतलंय. कुणी असा बदल प्रत्यक्ष केला असेल तर खरेदी परतीची नोंद कोणत्या दराने बसवली ते जरूर लिहा. परत गेलेला माल मूळ बिलाच्या दराने काढायचा की त्या दिवशीच्या सरासरीने, यावर आमच्या विभागात दोन मतं आहेत.